आईच्या ओळीची रुंदी

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी लॅपटॉप उघडला, तर नोंदींचं पान आक्रसून गेलेलं. पडद्याच्या मधोमध मजकुराची चिंचोळी पट्टी, दुकानातल्या पावतीसारखी, आणि दोन्ही बाजूंना पांढरं रान. शीर्षकंही लहान झाली होती, थेट मजकुराएवढी. फक्त त्यांचा रंग गडद निळा होता. आमची परिभाषेची यादी चांगली अडीच हजार शब्दांची. तिच्यात कुठला विभाग कुठं संपतो तेच कळेना.

हे कुणाचं काम ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी आईला फोन लावला.

"काय केलंस तू?"

"कशाचं काय?"

"पानाचं. सगळं आवळून टाकलंयस."

"हां, ते होय! काल जरा तुकडा बदलला. तुझ्याकडेही आलं वाटतं. येणारच म्हणा."

आम्ही दोघी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करतो. आई सत्तावीस वर्षं करतेय, मी नऊ. ती तिच्या घरी बसते, मी माझ्या, मधे गाडीनं दहा मिनिटं. नोंदी मात्र एकाच फोल्डरमध्ये. ते दोन्ही संगणकांवर आपोआप सारखं होत राहतं, त्यामुळे तिनं एखादा शब्द घातला की तो माझ्याकडे हजर. नोंदींचं हे ॲप आईनंच शोधून काढलं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्यासाठी सीएसएसही शिकली. कुठल्याशा चर्चामंचावर लोकांना विचारून विचारून. सीएसएसचा तुकडा म्हणजे चार-सहा ओळींची छोटी फाइल. ती एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकायची, ॲपच्या सेटिंगमध्ये तिचं बटण सुरू करायचं, की पानाचं रूप बदलतं: ओळीची रुंदी, शीर्षकाचा आकार, रंग. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. आई करायची आणि मी आयतं वापरायची.

"आई, मला पाचला पंपाची पुस्तिका पाठवायचीय. मी हे बंद करते."

"कर ना. सेटिंगमध्ये जा, दिसण्याच्या पानावर सगळ्यात खाली तुकड्यांची यादी आहे. त्यातलं 'रुंदी' बंद कर."

केलं. पान ऐसपैस झालं. मी कामाला लागले. तासाभरानं ॲप बंद करून पुन्हा उघडलं, तर पुन्हा पावती! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुठला तुकडा सुरू आणि कुठला बंद ही यादीसुद्धा त्याच सामायिक फोल्डरात राहते. मी बंद केलं की आईचंही बंद होत होतं. मग ती सुरू करायची आणि माझं आवळायचं. दुपारपर्यंत आमचा तीन वेळा असा खो-खो झाला. तिसऱ्या वेळी माझा पारा चढला आणि मी पुन्हा फोन लावला.

"तुला एवढं अरुंद हवंय तरी कशाला? आणि शीर्षकं? लोक वय झालं की अक्षरं मोठी करतात. तू लहान करतेस. तुझं सगळं उलटंच!"



"हो गं," आई म्हणाली, "उलटंच. राहू दे तुझ्या मनासारखं. मी भागवते."

तिच्या त्या 'भागवते'नं मला अपराधी वाटलं. भांडून जिंकण्यापेक्षा आई अशी माघार घेते तेव्हा जास्त लागतं. मनात आलं, यावर काहीतरी तोड असणार. जेवण होता होता मी शोधलं, आणि तोड सापडली, सोपीच होती. खिडकीच्या रुंदीप्रमाणे नियम लावता येतो. आईचा पडदा मोठा, माझा लॅपटॉप लहान. तिच्याच तुकड्याभोवती एक ओळ गुंडाळायची: खिडकी सोळाशे पिक्सेलपेक्षा रुंद असेल तरच हे लागू कर. म्हणजे तिच्याकडे अरुंद, माझ्याकडे जसंच्या तसं. तिला न सांगता करून ठेवू, संध्याकाळी खूश होईल.

तुकड्यांचं फोल्डर एरवी दिसत नाही, कारण ते ज्या फोल्डरात असतं त्याचं नाव टिंबानं सुरू होतं. पण सेटिंगमध्ये यादीशेजारी एक छोटं चित्र असतं, त्यावर दाबलं की ते उघडतं. मी 'रुंदी' नावाची फाइल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली.

आईची एक खोड आहे. जुना शब्द ती कधी खोडत नाही. नवा लिहिते आणि जुना शेजारी ठेवते, का बदलला त्याच्या कारणासकट. सीएसएसमध्येही तिनं तेच केलं होतं. तिरपी रेघ आणि तारा यांच्या आत लिहिलेलं ॲप वाचत नाही, ते फक्त माणसासाठी असतं.

body {
  /* 700: मूळची रुंदी */
  /* 620: जानेवारी. ओळ लांब वाटते */
  /* 540: ऑगस्ट. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवते */
  /* 460: ९ एप्रिल. परत येताना खालची ओळ चुकते */
  --file-line-width: 380px; /* रविवार. आता पुरतं */

  /* 2em: शीर्षक तुकड्यातुकड्यानं दिसतं */
  /* 1.4em: अजून मोठंच. मान फिरवावी लागते */
  --h1-size: 1em;
  --h1-color: #1f3a93;
}

मी आधी हसले. 'मान फिरवावी लागते' काय! मग हसू आपोआप थांबलं.

ज्याला अंधुक दिसतं तो अक्षर मोठं करतो. अक्षर मोठं झाल्यावर ज्याला ते मावत नाही, त्याला अंधुक दिसत नसतं. त्याला कमी जागेत दिसत असतं.

हे मला माझ्या हुशारीनं कळलं नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका यंत्राची पुस्तिका केली होती. डोकं एका पांढऱ्या वाडग्यात ठेवायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि बाजूला कुठं उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. डोळ्याला कडेचं किती दिसतं ते त्यावरून कळतं. त्या पुस्तिकेची परिभाषा आईनं केली होती. मी यादीत शोधलं. 'दृष्टिक्षेत्र', आणि त्याखाली तिनं वापरासाठी उतरवलेलं वाक्य: काचबिंदूत दृष्टिक्षेत्र कडांकडून हळूहळू अरुंद होत जाते, वेदना नसल्यामुळे रुग्णाला बरेचदा नुकसानीची कल्पना येत नाही.

नोंदीची तारीख एकतीस मार्च. आणि चारशे साठची नऊ एप्रिल.

म्हणजे तिला माहीत होतं.

घड्याळात पावणेतीन वाजले होते, आणि पावणेतीनला आई गाडी काढते. माझ्या मुलीला, मुंगीला, रोज बालवाडीतून तीच आणते. मला गाडी येत नाही, नवऱ्याची पाळी चारला संपते, म्हणून दीड वर्षापासून हाच शिरस्ता. मी फोन लावला. वाजत राहिला. आई गाडी चालवताना फोन घेत नाही, याचा मला आजवर किती अभिमान!

पायात सापडलं ते घालून मी धावत सुटले. बालवाडी माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. शेवटच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा छातीत धाप मावत नव्हती. समोर आईची जुनी पांढरी गाडी फाटकापासून नुकती निघत होती. मागच्या सीटवर मुंगीचं डोकं दिसत होतं. आणि मागून, गाडीच्या डाव्या अंगाला लागून, दुधाचे कॅन लटकवलेला एक सायकलवाला येत होता. कुणालाही दिसला असता. गाडी मात्र त्याच्याच अंगावर वळायला लागली.

"आजी, डावीकडे सायकल!"

उघड्या काचेतून मुंगीचा आवाज आला. घाबरलेला नव्हता, पाढे म्हणतात तसा होता. गाडी गचकन थांबली. सायकलवाल्यानं टपावर हात आपटला, "डोळे घरी ठेवलेत का?" म्हणून खेकसला आणि गेला.

मी धावत गाडीच्या उजव्या बाजूला गेले. आईच्या खिडकीशी उभी राहिले, तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. ती स्टिअरिंग धरून समोर बघत होती. मी तिला दिसतच नव्हते.

"आई."

ती एवढी दचकली की तिचा चष्मा घसरला.

"अगं! तू कुठून उगवलीस?"

"आई, तू पण आलीस?" मागून मुंगी ओरडली. "मी आजीला कडा सांगते! आजी मधलं बघते, मी कडेचं बघते. मला एकदाही चुकलं नाही!"

साडेचार वर्षांची पोर. तिला बढतीच मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मान पूर्ण वळवून. मला कळलंय हे तिला समजलं.

"इंजिन बंद कर," मी म्हणाले.

"रस्त्यात उभी आहे गाडी. निदान कडेला—"

"बंद कर."

मग मी शाळेच्या रखवालदाराला हाक मारली. त्यानं गाडी कडेला लावून दिली. किल्ली मी माझ्या खिशात घातली. तिघी चालत घरी आलो. मुंगी मधे, तिचा एक हात माझ्या हातात, एक आजीच्या. वाटेत फुटपाथची पायरी आली तेव्हा ती सवयीनं म्हणाली, "आजी, पायरी," आणि आई सवयीनं थांबली. त्या सवयीचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नसेल.

घरी मुंगीला रंगपेटी देऊन आतल्या खोलीत बसवलं. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, बसली नाही.

"तुला कसं कळलं?"

"तुझा तुकडा वाचला."

"हं," ती म्हणाली. "खोडून टाकायला हवं होतं."

"खोडायला? दीड वर्ष तू माझ्या पोरीला त्या गाडीत बसवलंस. आणि तुला आठवतंय काय, तर खोडायचं राहिलं!"

"ओरडू नकोस, ती ऐकतेय."

"ऐकू दे! तिला सगळं माहितीय. तिला कामाला लावलंयस तू!"

"मी नाही लावलं," आई हळू म्हणाली. "एकदा खांबाला आरसा घासला. ती म्हणाली, आजी, तुला तो खांब नाही दिसला? मी म्हटलं, नाही बाई. तर तेव्हापासून ती आपणहून सांगायला लागली. मला बरं वाटलं. आणि मी सावकाश चालवते. तीस वर्षांत एक पावती नाही फाटली माझी."

"आज त्या माणसाला काय झालं असतं?"

तिनं ओट्यावरचा ओला फडका घेऊन पिळला, पुन्हा ठेवला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं. "मार्चमध्ये?"

"पुस्तिकेत चौथी आकृती होती बघ. एक डोळा झाकून घ्यायचा, समोर बघायचं, बाजूनं बोट आत आणायचं. वाक्य बरोबर जमलंय का म्हणून मी करून बघितलं. बोट नाकाशी आलं तरी मला दिसेना. आधी वाटलं, भाषांतर चुकलंय."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"गेले असते तर कळलं असतं."

असं म्हणून ती खाली बसली, सरळ फरशीवर. मी तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, ओळ आवळली की भागतंय ना. मग भागवू. दोन ओळी लिहिल्या की पुन्हा सगळं मधे यायचं. दर वेळी वाटायचं, आता इथंच थांबेल. तुझं काम, तिची शाळा, सगळं माझ्या गाडीवर उभं. मी जागची हलले असते तर तू काय केलं असतंस? कुणाला ठेवलं असतंस?"

"काहीतरी केलं असतं, आई! लोक करतात!"

"मला नव्हतं बघायचं तू काय करतेस ते."

पंपाची पुस्तिका त्या दिवशी गेली नाही. काम देणाऱ्या कंपनीतल्या बाईंना फोन करून मी दोन दिवस मागून घेतले.

बुधवारी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथलं यंत्र आमच्या पुस्तिकेतलंच निघालं, किंवा त्याचं भावंड. आईनं हनुवटी ठेवली, मदतनीस मुलगी सूचना सांगायला लागली, तर आई म्हणाली, "माहितीय बाळा, मीच लिहिल्यात." ती मुलगी हसली. मला हसता आलं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बटणाचा टिक-टिक आवाज ऐकत होते. मधे मधे आवाज थांबायचा, आणि थांबलेलाच राहायचा. दिवा तर लुकलुकत असणार. मला ते थांबणं मोजायचं नव्हतं, तरी मोजत होते.

छापील कागद आला. आईनं तो नाकासमोर धरून माझ्याआधी वाचला. काळे डाग काय, करडे डाग काय, सगळं तिला येत होतं.

"डावा गेल्यातच जमा आहे," ती म्हणाली, अगदी यादीतला शब्द तपासल्यासारखी. "उजवा त्यातल्या त्यात बरा आहे."

डॉक्टरबाई तरुण होत्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. गेलेलं परत येणार नाही, म्हणाल्या. राहिलेलं राखायचं. रोज थेंब, तीन महिन्यांनी तपासणी, गाडी बंद. मग त्यांनी विचारलं, "पहिला त्रास कधी जाणवला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"सव्वादोन वर्षांपूर्वी," मी सांगितलं. "आमच्याकडे तारखा आहेत."

"तेव्हाच आला असतात तर," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं ते बरं केलं. ते मला पाठ होतं, पुस्तिकेत पान अकरावर होतं.

त्या आठवड्यात मी फाइल पुन्हा उघडली आणि ठरवलं होतं ते केलं. खिडकी रुंद असेल तरच हे लागू, एवढी एक ओळ वर आणि एक कंस खाली. आईच्या नोंदी आहेत तशाच ठेवल्या. ॲप उघडलं: माझं पान रुंद, तिचं अरुंद, शीर्षकं ज्याची त्याला हवी तशी. वीस मिनिटांचं काम. ते सोमवारी सकाळी केलं असतं, तर मी आतलं वाचलं असतं का? की बदल करून नुसती बंद केली असती? हा प्रश्न मला अजून सुटत नाही. सव्वादोन वर्षं मी तिचं पान वापरत होते, आणि आधीच्या तीन खेपांना रुंदी कमी झाली तेव्हा "छान दिसतंय" म्हणाले होते. एकदा तर "सुटसुटीत झालं" असंही.

गाडी आईनं स्वतः विकली, मला न विचारता. विकून झाल्यावर आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही कामापुरतंच बोलले. मुंगीला आणायला आता मी चालत जाते. एक तास मोडतो, काम अडतं, पण जाते.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला.

"शनिवारी मुंगीला माझ्याकडे ठेव. दिवसभर."

"बरं. मीही येते."

"तुला काम नाही?"

"तिथं बसून करीन."

"पहारा?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण आमच्यात ते पुरेसं झालं होतं.

"हो," मी म्हणाले. "पहारा."

मला वाटलं, फोन आपटेल.

"ये," ती म्हणाली. "पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

शनिवारी मी तिच्या बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसले. आतून दोघींचा आवाज येत होता, कणीक, वाटी, पीठ सांडलं. एका शब्दाचं भाषांतर होईना. भांडं पडल्याचा आवाज आला तशी मी ताडकन उठले आणि दारापर्यंत गेले. आई खाली वाकून वाटी चाचपत होती, मुंगी तिच्याशेजारी हात मागे बांधून उभी होती, ओठ घट्ट मिटून. काही सांगायचं नाही असं आजीनं तिला बजावलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. वाटी आईच्या डाव्या हातापासून वीतभर लांब होती.

मी उंबऱ्यावरच उभी राहिले, आत पाऊल टाकलं नाही. आईला मी दिसत नव्हते.